घेर किती, भाभी?

पितृपक्ष सुरू झाला की बोरिवलीतल्या आमच्या भाभींचा फोन येतोच. भाभींचं चनिया-चोळी आणि केडियू भाड्याने द्यायचं दुकान आहे आणि सीझनच्या आधी त्यांच्या पोस्ट लिहून देणं हे माझं काम. पितृपक्षात लोक नवीन कपडे घेत नाहीत, मग पोस्ट आत्ताच कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ‘अरे, भाड्याचं नवीन कुठे असतं?’ भाभींचा फंडा एकदम क्लिअर!

बहुतेक दुकानांच्या पोस्टमध्ये काय असतं? कॅटलॉगमधली गोरीपान मॉडेल, चार हृदयं आणि ‘किंमतीसाठी मेसेज करा’. विकायच्या कपड्याला हे चालून जातं. भाड्याचा मामला वेगळा. इथे गिऱ्हाईकाला ड्रेस आवडणं ही पहिली पायरी. खरा प्रश्न असतो, तिच्या तारखेला तो ड्रेस दुकानात आहे का, आणि तिच्या अंगाला येतो का.

2025 चं उदाहरण घ्या. नंबर 47, काळी कच्छी चनिया-चोळी, भाभींना चार हजारांना पडलेली. त्या वर्षी तृतीया दोन दिवस आल्यामुळे गरब्याच्या रात्री दहा होत्या, 22 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर. म्हणजे दहा भाडी? छे! ड्रेस दुपारी बाराला परत येतो तेव्हा चोळी घामाने चिंब असते आणि चनियाची किनार मातीने माखलेली. आरशांचं काम मशीनमध्ये टाकता येत नाही. अस्तर हाताने धुवायचं, चोळी उलटी करून वाळवायची, निसटलेले आरसे परत टाकायचे. त्याच संध्याकाळी तो दुसरीला दिला, तर काखेत ओल आणि वास. म्हणून भाभी एक रात्र आड देतात. 47 ला मिळाल्या पाच रात्री. नऊशे रुपये भाड्याने साडेचार हजार. एक तारीख रिकामी गेली की पहिल्या सीझनला ड्रेस अंगावर!

म्हणून पोस्ट अशी लिहिली:

‘नंबर 47. काळी, खऱ्या आरशांची. घेर 8 मीटर, उंची 39 इंच. कंबर नाडीवर 28 ते 36. चोळी 34, आत मार्जिन आहे, 36 पर्यंत सोडून देऊ. ओढणीसकट वजन अडीच किलो. एका रात्रीचे 900, डिपॉझिट 2000. दुपारी चारला न्या, दुसऱ्या दिवशी बारापर्यंत आणा. मोकळ्या रात्री: 22, 24, 26, 28, 30 सप्टेंबर.’

रोमँटिक नाही, मान्य. पण यातला प्रत्येक आकडा एकेक फोन वाचवतो. उंचीचंच बघा. पाच फुटी मुलीने 42 इंचांची चनिया नेली, तर दुसऱ्याच फेरीत स्वतःच्या किनारीवर पाय पडतो आणि पिको उसवतो. वजनाचंही तसंच. अडीच किलो कंबरेवर घेऊन तीन तास नाचायचं म्हणजे गंमत नाही. जिला नुसते फोटो काढायचेत तिला चालेल. जी खरंच खेळणार आहे, ती फॉइलच्या आरशांची हलकी घेते.

फोटो मी ट्यूबलाइटखाली काढत नाही, मरून रंग भलताच दिसतो. फ्लॅश मारला तर आरशांच्या जागी पांढरे ठिपके! दुपारी चारला दुकानाच्या दारात, पुढून, पाठीच्या दोऱ्यांसकट मागून, आणि घेरासाठी दहा सेकंदांची गिरकी. पुतळ्यावर आठ मीटर आणि चार मीटर सारखेच दिसतात, यार.

47 ची सगळ्यात अवघड तारीख होती सोमवार 22. नवरात्राच्या रंगांत त्या दिवशी पांढरा. काळं कोण नेणार? भाभींनी पांढरी आरशांची ओढणी जोडली, मी तिचा वेगळा फोटो टाकला, आणि तारीख गेली. अष्टमीच्या 30 तारखेसाठी तर अशा कसरतीची गरजच नव्हती, ती सर्वात आधी भरली.

डिपॉझिटचे नियमही आम्ही पोस्टमध्येच टाकतो. पाचपर्यंत आरसे निसटले तर माफ. पिको उसवला तर दीडशे. अस्तरावर लिपस्टिक किंवा कुंकवाचा डाग असेल तर धुलाईचे पैसे वेगळे. ड्रेस देताना किनारीचा फोटो गिऱ्हाईकाच्या समोर काढायचा आणि तिलाही पाठवायचा. दसऱ्याच्या दिवशी ‘हे आधीपासूनच फाटलं होतं’ हे वाक्य ऐकून भाभींचे कान किटले होते.

तारीख भरली की पोस्टमध्ये त्या आकड्यापुढे लगेच ‘बुक’. हे रात्री झोपायच्या आधी भाभी स्वतः करतात, मला करू देत नाहीत.