फोटो नाही, तर शेरा कशावर?

कोकणातील एका भगिनीने विचारले आहे : ‘माझी भाची उर्दू माध्यमात नववीला आहे. तिने वहीत मराठी निबंध लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. मी स्वयंपाकात होते. नंतर फोन उघडला तर फोटो काढून टाकलेला. खाली तिचा प्रश्न मात्र होता, “खाला, कसा झालाय?” मी “छान आहे” लिहून टाकले. आता मनाला लागून राहिले आहे. काय करायला हवे होते?’

ताई, “छान आहे” हे उत्तर प्रेमाने दिलेत, पण भाचीने ते खरे धरले असेल, तर ती तोच निबंध तशाच चुकांसह परीक्षेत लिहील. म्हणून आजच तिला सांगा, “बेटा, फोटो मला दिसलाच नव्हता.” लहान मुलीसमोर हे सांगण्यात कमीपणा नाही.

आधी फोटो कसा गेला ते पाहावे. त्या जागी मेसेज डिलीट केल्याची ओळ दिसत असेल, तर तो बहुधा तिनेच काढला आहे. धुरकट चित्र दिसते पण डाऊनलोड होत नाही, असे असेल तर तो पुन्हा मागवावा लागतो. त्या धुरकट चित्रावरून अक्षराबद्दल काही बोलू नये. मुले पुष्कळदा खाडाखोड दिसते म्हणून लाजून फोटो काढतात. तेव्हा “का काढलास?” असे न विचारता “चुकून निघाला, की पुन्हा लिहिते आहेस?” असे विचारा.

फोटो लगेच मिळणार नसेल, तर तिला फोनवर निबंध वाचायला सांगा. जसा लिहिला आहे तसाच, न सुधारता. समजा विषय आहे ‘पावसाळ्यातील एक दिवस’. ती वाचते : “पावसाळा हा महत्त्वाचा ऋतू आहे. शेतकरी आनंदी होतो...” अशी आठ वाक्ये झाल्यावर येते, “ओढ्याला पूर आला. एस.टी. आली नाही. मीने छत्री उघडली. माझी पुस्तक भिजली. मी नानांबरोबर चालत घरी आले.” आणि निबंध संपतो.

एवढे ऐकून दोन गोष्टी खात्रीने सांगता येतात. पहिली मजकुराची. विषय एका दिवसाचा आहे, पण तो दिवस शेवटच्या पाच वाक्यांत आला. तिला सांगा, “ओढ्यापासून सुरुवात कर. पाणी कुठवर चढले होते, नाना काय म्हणाले, ते लिही. शेतकऱ्याची वाक्ये गाळ.” दुसरी व्याकरणाची. उर्दूत ‘मैंने’ म्हणतात म्हणून ‘मीने’ आले. मराठीत नुसते ‘मी छत्री उघडली’. उर्दूत किताब स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग नाहीच, म्हणून ‘माझी पुस्तक’ झाले. मराठीत ‘माझे पुस्तक भिजले’. ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला असेल, तर तोही बहुतेक वेळा कानाला कळतो.

कानाला न कळणारे मात्र बरेच उरते. तिने ‘आणि’ लिहिले की ‘आणी’, ‘पाऊस’ लिहिले की ‘पाउस’, हे ऐकून समजत नाही. समास सोडला का, परिच्छेद पाडले का, ओळी सरळ आहेत का, हेही नाही. निबंध टाइप करून पाठवला तरी अडचण राहते. फोनचा कीबोर्ड ऱ्हस्व-दीर्घ पुष्कळदा आपोआप सुधारतो, म्हणजे तिची चूक झाकली जाते. शिवाय वाचताना मुले चूक तोंडातल्या तोंडात दुरुस्त करतात. ती मध्येच थांबली किंवा तेच वाक्य दोनदा म्हणाली, तर तिथे कागदावर काय लिहिले आहे ते अक्षर-अक्षर विचारा.

म्हणून उत्तरात पाहिलेले आणि न पाहिलेले वेगळे ठेवावे. असे लिहिता येईल : “बेटा, निबंध ऐकला. नानांबरोबर चालत आल्याचा भाग सर्वांत चांगला, तो पुढे घे. ‘मीने’ आणि ‘माझी पुस्तक’ ही दोन ठिकाणे दुरुस्त कर. अक्षर आणि शुद्धलेखन मी पाहिलेले नाही, ते पान बघून सांगेन.”

नवा फोटो मागवताना सांगा : दिवसाउजेडी खिडकीजवळ, वही सपाट ठेवून, बरोबर वरून, एका फोटोत एकच पान आणि त्याचे चारही कोपरे दिसतील असा. खाडाखोड असली तरी चालेल, पान पुन्हा उतरवू नकोस. खोडलेल्या शब्दावरून ती कुठे अडली ते तुम्हाला कळते. पान आल्यावर आधी ऱ्हस्व-दीर्घ आणि परिच्छेद एवढेच पाहा, कारण बाकीचे तुम्ही फोनवर सांगितलेलेच आहे.