विश्लेषण : टोलनाका, विश्रांतिस्थळ महामार्गाच्या नेमके कोणत्या बाजूला? ते कसे ओळखायचे?

तेलगावहून वडवणी, बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरला निघालेल्या कुटुंबाला मोबाइलच्या नकाशावर बीडच्या पुढे चहा-नाश्त्याचे, स्वच्छतागृहाचे ठिकाण दिसते. प्रत्यक्षात ते दुभाजकापलीकडे निघते. मग पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचे, की काही जण करतात तसे उलट्या दिशेने गाडी घालायची? दुसरा मार्ग जिवावर बेतू शकतो. त्यामुळे बाजूची खात्री घरूनच करून घेतलेली बरी.

टोलनाक्यालाही बाजू असते का?

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ५२ वर बीड आणि गेवराईच्या दरम्यान पाडळसिंगीचा टोलनाका आहे. अशा नाक्यावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही दिशांच्या मार्गिका असतात. म्हणजे तो ‘पलीकडे’ राहत नाही, जाताना आणि येताना दोन्ही वेळा लागतो. चोवीस तासांत परतल्यास परतीचा टोल साधारण निम्मा पडतो. फास्टॅगचा वार्षिक पास असेल, तर अशा नाक्यावरून जाणे आणि येणे या दोन फेऱ्या धरल्या जातात. विश्रांतिस्थळाचे, ढाब्याचे किंवा पंपाचे तसे नाही. त्यांचे प्रवेशद्वार बहुधा एकाच बाजूच्या रस्त्याला जोडलेले असते.

नकाशावर बाजू कशी ओळखावी?

आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो. बीडहून गेवराईकडे जाताना तोंड साधारण उत्तरेला असते, म्हणून डावी बाजू पश्चिमेची. नकाशा ‘उत्तर वर’ ठेवला, तर आपल्याला चालणारे ठिकाण महामार्गाच्या रेषेच्या डावीकडे दिसले पाहिजे. उजवीकडे असेल, तर ते सोलापूरकडे जाणाऱ्यांसाठी आहे. मात्र गाडी चालू असताना मोबाइल नकाशा फिरवतो. तेव्हा परतीच्या प्रवासात तेच ठिकाण उजवीकडे दिसेल. म्हणून ‘डावीकडे’ एवढेच लक्षात न ठेवता ‘गेवराईकडे जाणारी बाजू’ असे लक्षात ठेवावे.

खूण चुकीच्या जागी असेल तर?

असे होते. अनेकदा खूण दुभाजकावर किंवा पलीकडच्या शेतात पडलेली असते. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. सुरुवात म्हणून बीड आणि शेवट म्हणून गेवराई टाका, अंतर पाहा. मग ते ठिकाण मधला थांबा म्हणून जोडा. अंतर जवळपास तेवढेच राहिले, तर ठिकाण आपल्या बाजूला आहे. पाच-सहा किलोमीटरनी वाढले आणि निळी रेषा पुढे जाऊन वळून आली, तर ते पलीकडे आहे. शेवट आणि सुरुवात उलटी करून पुन्हा पाहिले, की खात्री होते.

पण ही चाचणी खुणेवरच अवलंबून असते. खूण चुकली, तर उत्तरही चुकते. म्हणून उपग्रह चित्र मोठे करून पाहावे. वाहनतळातून महामार्गावर येणारा पक्का रस्ता कोणत्या मार्गिकेला मिळतो, ते पाहिले की पुरे. नवे बांधकाम जुन्या चित्रात दिसत नाही. अशा वेळी तिथे फोन करून ‘बीडहून गेवराईकडे जाताना लागता का?’ असे विचारावे. ‘डावीकडे आहात का?’ असे विचारू नये, कारण सांगणाऱ्याची डावी बाजू वेगळी असू शकते.

‘LHS’, ‘RHS’ म्हणजे काय?

महामार्गाच्या सरकारी याद्यांत सुविधांसमोर ‘१५०.२०० LHS’ अशा नोंदी असतात. पहिला आकडा किलोमीटरचा, तर ‘LHS’ म्हणजे डावी बाजू. ही डावी आपली नव्हे, किलोमीटर ज्या दिशेने वाढतात त्या दिशेला तोंड केल्यावरची. या टप्प्यात रस्त्याची मोजणी सोलापूरकडून येडशी, बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे वाढत जाते. म्हणून इथे ‘LHS’ म्हणजे गेवराईकडे जाणारी, पश्चिमेची बाजू. इतर महामार्गांवर लागोपाठचे दोन किलोमीटरचे दगड वाचले, की आकडे कोणत्या दिशेला वाढतात ते कळते.

मदत मागताना काय सांगावे?

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला, तर १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर दगडावरील किलोमीटर आणि दिशा दोन्ही सांगावी : ‘बीडकडून गेवराईकडे जाणारी बाजू.’ नुसते ‘पाडळसिंगीजवळ’ म्हटले, तर रुग्णवाहिका दुभाजकाच्या पलीकडे येऊन थांबू शकते. मग तिला वळणापर्यंत जाऊन परत यावे लागते आणि तेवढी मिनिटे जखमीच्या वाट्याची असतात.