विश्लेषण : सीएच्या वेबसाइटवर ‘आम्हीच सर्वोत्तम’ का लिहिलेलं नसतं? मग विश्वास कशावर ठेवायचा?

काळेवाडी फाट्याजवळच्या एखाद्या गाळ्यात दोन प्रेस मशीनवर चाकणच्या कंपन्यांचं जॉबवर्क होतं असं समजा. मालकाला कर्जाची मर्यादा वाढवून हवी आहे आणि बँकेने उलाढालीचं सीए प्रमाणपत्र मागितलंय. नेहमीचे सीए गावी गेलेत, म्हणून तो मोबाईलवर जवळच्या फर्म शोधतो. एका वेबसाइटवर फर्मचं नाव, स्थापनेचं वर्ष, भागीदारांची नावं आणि पत्ता, एवढंच आहे. दुसरीवर ‘पिंपरी-चिंचवडमधील नंबर वन कर सल्लागार, 500 हून अधिक समाधानी ग्राहक, रिफंडची हमी’ असं ठळक अक्षरात लिहिलंय. साहजिकच त्याचा हात दुसरीकडे वळतो. खरं तर शंका दुसरीचीच घ्यायला हवी.

कायदा काय सांगतो?

सीएंचा व्यवसाय चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, 1949 नुसार चालतो आणि त्यावर नियंत्रण ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’ म्हणजे आयसीएआयचं असतं. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं सहावं कलम परिपत्रक, जाहिरात, भेटीगाठी किंवा अन्य मार्गाने काम मागायला मनाई करतं. सातवं कलम स्वतःच्या कर्तबगारीची जाहिरात करू देत नाही. 2006 च्या दुरुस्तीनंतर थोडी मोकळीक मिळाली आणि 2008 च्या मार्गदर्शक सूचनांमुळे सेवांची माहिती देणारं साधं टिपण प्रसिद्ध करता येऊ लागलं. पण त्यातही दुसऱ्या फर्मपेक्षा आपण सरस असल्याचा दावा नको, ग्राहकांची प्रशस्तिपत्रं नकोत. अगदी अक्षराचा आकारही 14 पेक्षा मोठा नको!

यामागचं कारण सरळ आहे. सीए ज्या ताळेबंदावर सही करतो, त्यावर बँक, गुंतवणूकदार आणि कर खातं भरवसा ठेवतात. पैसे मात्र त्याला ताळेबंदाचा मालकच देतो. अशा माणसाने ‘तुमचं काम हमखास करून देतो’ म्हणत गिऱ्हाईक गोळा केलं, तर उद्या त्याच गिऱ्हाइकाला ‘हा खर्च मान्य होणार नाही’ असं तो कुठल्या तोंडाने सांगणार?

वेबसाइटचं गणित वेगळं कसं?

वेबसाइटसाठी आयसीएआयने घातलेली चौकट एका कल्पनेवर उभी आहे. माहिती वाचणाऱ्याने स्वतःहून मागितली पाहिजे, सीएने ती त्याच्यावर ढकलता कामा नये. म्हणून अनेक फर्मच्या वेबसाइटवर आधी एक चौकट उघडते आणि ‘मी स्वतःच्या इच्छेने माहिती पाहत आहे’ यावर क्लिक करायला लावते. लोकांना ती कटकट वाटते, पण ती त्या नियमाचीच सावली आहे. सेवांचं स्वरूप किंवा हाताळलेल्या कामांचा प्रकारही वाचणाऱ्याने मागितल्यावरच दिसावा, अशी अपेक्षा असते. ग्राहकांची नावं आणि शुल्क तर लिहायचंच नाही. त्यामुळे ‘अमुक वाहन कंपनी आमची ग्राहक’ असं कुणी मिरवत असेल, तर एकाच ओळीत नियम आणि ग्राहकाची गोपनीयता दोन्ही मोडल्याची शक्यता असते.

मग लिहायचं काय?

तर जे तपासता येतं ते. ‘अनुभवी आणि विश्वासार्ह टीम’ हे शब्द कुणीही लिहू शकतं. त्याऐवजी ‘दोन भागीदार, दोघांकडेही पूर्णवेळ व्यवसाय प्रमाणपत्र, कार्यालय 2011 पासून काळेवाडीत’ असं लिहिलं, तर प्रत्येक शब्दाची खातरजमा करता येते. व्यवसाय प्रमाणपत्र महत्त्वाचं, कारण सीए परीक्षा पास होऊन नोकरी करणारा माणूसही सीएच असतो. मात्र या प्रमाणपत्राशिवाय त्याला लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही. नावापुढचं ‘एफसीए’ हे परदेशी पदवीसारखं वाटतं. तो संस्थेचा फेलो सदस्य असल्याचा अर्थ आहे आणि तो दर्जा साधारण पाच वर्षं सलग व्यवसाय केल्यावर मिळतो. ‘अँड कंपनी’ पाहून मोठं ऑफिस डोळ्यासमोर आणू नये, एकट्या मालकाची फर्मही हे नाव लावू शकते. म्हणूनच प्रोफाइलवर भागीदार किती हे स्पष्ट लिहिणं हा प्रामाणिकपणाचा भाग.

सेवांची भाषा हा दुसरा मुद्दा आणि इथे बहुतेक वेबसाइट ढेपाळतात. ‘जीएसटीसंबंधी सर्व सेवा’ वाचून गाळामालकाला काही कळत नाही. त्याऐवजी असं वाक्य पाहा: ‘जॉबवर्कसाठी येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची चलनं, कच्चा माल एका वर्षात परत जातोय का याचा हिशेब आणि माल पाठवणाऱ्या कंपनीसाठी आयटीसी-04 विवरणपत्र.’ यात स्तुतीचा एकही शब्द नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला आपला धंदा ठाऊक आहे. एक वर्षाची मुदत चुकली, तर तो माल पाठवल्या दिवशीच विकला असं कायदा धरतो आणि कर व व्याज माल पाठवणाऱ्या कंपनीच्या माथी येतं. साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर यांना मात्र ही मुदत लागू नाही. हा फरक प्रोफाइलवर लिहिणाऱ्याला ‘तज्ज्ञ’ हे विशेषण लावायची गरज उरत नाही.

खातरजमा कशी करायची?

प्रत्येक सीएला सदस्य क्रमांक असतो आणि प्रत्येक फर्मला नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रातल्या फर्मच्या क्रमांकाअखेर सहसा ‘डब्ल्यू’ अक्षर असतं, म्हणजे पश्चिम विभाग. हे दोन्ही क्रमांक वेबसाइटवर नसतील, तर कार्यालयात विचारायला संकोच नको. सदस्याचं नाव आयसीएआयकडे पडताळता येतं.

खरी कसोटी लागते ती प्रमाणपत्र हातात पडल्यावर. सीए नसलेली माणसंही सीए म्हणून सह्या ठोकत असल्याने आयसीएआयने यूडीआयएन हा 18 अंक-अक्षरांचा क्रमांक आणला आणि 1 फेब्रुवारी 2019 पासून तो प्रमाणपत्रांसाठी सक्तीचा केला. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सदस्य क्रमांकाचे, उरलेले दहा यंत्रणेने दिलेले. आपल्या गाळामालकाला मिळालेल्या प्रमाणपत्रावरचे तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे अंक सहीखालच्या सदस्य क्रमांकाशी जुळत नसतील, तर तिथेच थांबावं. जुळले, तर udin.icai.org वर तो क्रमांक टाकून पाहावा. तिथे सीएचं नाव, कागदाचा प्रकार, तारीख आणि सीएने नोंदवलेले मुख्य आकडे दिसतात. प्रमाणपत्रावर उलाढाल 1 कोटी 80 लाख आणि तिथे 80 लाख असेल, तर कागदाशी छेडछाड झाली आहे.

याची मर्यादाही लक्षात ठेवावी. यूडीआयएनमुळे सही खऱ्या सीएची आहे एवढंच कळतं. मजकूर बरोबर असल्याची हमी आयसीएआय देत नाही.

नियम बदलणार का?

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने मोठ्या, बहुविद्याशाखीय देशी फर्म उभ्या करण्याबाबत सूचना मागवल्या. जागतिक फर्मशी स्पर्धा करताना जाहिरातबंदी आड येते, हा मुद्दा त्या टिपणात होता. मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या फर्मना मोकळीक हवी असणं समजण्यासारखं आहे. काळेवाडीतल्या दोन भागीदारांच्या फर्मचं चित्र मात्र उलटं आहे. जाहिरातीवर पैसे ओतायची स्पर्धा सुरू झाली तर तिची ऐपत तोकडी पडेल. आज शोधयादीत ती मोठ्या फर्मच्या शेजारी दिसते, कारण तिथे दोघांनाही मोठ्याने बोलायची मुभा नाही.