साय काढली म्हणून मुरुम जातील का?

आमच्या वडवणीत मुलीच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या की घरोघरी एकच उपाय सांगतात: दुधावरची साय काढा, मग द्या. "तेलकट खाल्लं की तोंड तेलकट," असा हिशोब. आमच्या दहावीतल्या भाचीलाही सध्या सकाळ-संध्याकाळ असंच दूध मिळतंय. माझं मत विचाराल तर या उपायाला आधार नाही. उलट जो काही पुरावा आहे, तो दुसऱ्याच बाजूला झुकतो.

अमेरिकेत २००५ साली सत्तेचाळीस हजारांहून जास्त नर्सेसच्या माहितीवर एक अभ्यास छापून आला. शाळेत असताना काय खायचात आणि डॉक्टरांनी तीव्र मुरुमांचं निदान केलं होतं का, असं त्यांना विचारलं होतं. रोज दोन किंवा जास्त ग्लास स्किम्ड दूध पिणाऱ्यांत, ते जवळपास न पिणाऱ्यांच्या मानाने, मुरुमांचं प्रमाण ४४ टक्क्यांनी जास्त निघालं. सायीसकटच्या दुधात हा फरक १२ टक्केच होता. आता गंमत बघा, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं जेवण कुणाला नीट आठवतं हो? म्हणून पुढे ९ ते १५ वयाच्या मुलामुलींवर वर्षानुवर्षं नजर ठेवून अभ्यास झाले. मुलींमध्ये सगळ्याच दुधाशी संबंध दिसला, मुलांमध्ये मुख्यतः स्किम्डशी.

असं का व्हावं? गाभण जनावराच्या दुधातली प्रोजेस्टेरॉनसारखी हार्मोन्स स्निग्धात विरघळतात, म्हणजे सायीबरोबर ती जातात. तरी संबंध टिकतो, म्हणजे दोष सायीचा नसावा. संशय आहे तो दुधातल्या प्रथिनांवर. दूध प्यालं की इन्सुलिन वाढतं, नियमित पिणाऱ्यांच्या रक्तात आयजीएफ-१ नावाचं वाढीचं हार्मोनही जास्त सापडतं, आणि वयात येताना आधीच जोरात असलेल्या तैलग्रंथींना ही दोन्ही आणखी डिवचतात. प्रथिनं सायीबरोबर फारशी निघत नाहीत, बहुतेक ग्लासातच राहतात.

पण हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास. दूध बंद करून मुरुम जातात हे कुणी चिठ्ठ्या टाकून, दोन गट करून नीट सिद्ध केलेलं नाही. शिवाय त्यांचं स्किम्ड म्हणजे मशीनमधून काढलेलं, जवळपास बिनस्निग्ध दूध. आपण म्हशीचं दूध तापवून वरची साय काढतो, तेव्हा बरंच स्निग्ध खाली उरतंच.

म्हणून ताईला मी सांगितलं, साय राहू दे. आधी त्या दुधातली दोन चमचे साखर आणि ती चॉकलेटची पावडर काढ. साखर-मैदा कमी केल्यावर मुरुम कमी झाल्याचं ऑस्ट्रेलियातल्या २००७ च्या छोट्या पण प्रत्यक्ष प्रयोगात दिसलंय, बारा आठवड्यांत. तेवढे दिवस बघ, दर रविवारी पुटकुळ्या मोजून वहीत लिही. फरक नाही पडला तर दूध एका ग्लासावर आण, आणि तीळ, नाचणी वाढव, कॅल्शियम कुठूनतरी यायला हवंच. गाठी दुखायला लागल्या किंवा खड्डे पडायला लागले, तर मात्र वही ठेवून सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा. बीडला जावं लागलं तरी.