कांडी संपली की नाक थकलं?

यवतमाळहून आर्णीला रोज एसटीने अपडाऊन करणाऱ्या एका शिक्षिकेने एप्रिलमध्ये माझ्यापुढे इनहेलरची कांडी ठेवली. "मॅडम, आठ दिवसांत वास गेला. त्यापेक्षा छोटा डिफ्यूझरच घेते, पॉवर बँकेवर चालतो म्हणे."

डिफ्यूझर घराच्या खोलीत ठीक. शंभर मिली पाण्यात चार-पाच थेंब टाकून अर्धा तास चालवला, तर बंद खोलीत वास पुढे तास-दोन तास रेंगाळतो. एप्रिलमधल्या एसटीच्या खिडक्या मात्र सताड उघड्या, म्हणजे वास बाहेर आणि पाणी मांडीवर. खिडक्या बंद असल्या तर आणखी वाईट: शेजारच्या दमेकऱ्याला आणि मागच्या सीटवरच्या तान्ह्या बाळाला तो वास न विचारता हुंगावा लागतो.

मग मी कांडी उघडली. आत संत्र्याचे बारा आणि पुदिन्याचे तीन थेंब, माझ्याच हातचे. बोळा कागदावर दाबला तर तेलाचा डाग उमटला, म्हणजे कांडी कोरडी नव्हती. पुदिनाही मला स्पष्ट आला. संत्र्याच्या जागी मात्र जुन्या वार्निशसारखा उग्र दर्प होता. दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या. एक, बाई दर पाच मिनिटांनी हुंगत होत्या, त्यामुळे नाक त्या वासाला सरावलं होतं. अशा वेळी कांडी रात्रभर बाजूला ठेवावी, नाहीतर दुसऱ्याला हुंगायला द्यावी. दोन, कांडी उन्हात तापणाऱ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात होती आणि झाकण अर्धवट फिरवलेलं. संत्र्यातलं लिमोनिन दर दहा अंशांमागे जवळपास दुप्पट वेगाने उडतं, आणि उरलेलं हवा लागून खराब होतं. हा दर्प आला की वर थेंब टाकू नयेत, बोळाच बदलावा.

नव्या बोळ्यावर संत्रा सहा, पुदिना चार, वाळा पाच असे थेंब टाकले. वाळ्याचं तेल घट्ट. बाटली मुठीत धरून कोमट केल्याशिवाय थेंब पडत नाही. वाळा संत्र्याला धरून ठेवतो असं आपल्या धंद्यात सांगतात. थोडंफार खरंही असेल, पण माझ्या अनुभवात संत्रा जातोच, मागे वाळा उरतो. म्हणून ग्राहकाला "तीन महिने टिकेल" असं सरसकट सांगणं मी सोडलं आहे. झाकण घट्ट असेल तर हिवाळ्यात दोन महिने, यवतमाळच्या मे महिन्यात तीन आठवडे, एवढंच सांगते आणि कांडीवर भरल्याची तारीख चिकटवते.

बाविसाव्या दिवशी बाई परत आल्या. संत्रा गेला होता, पुदिना जेमतेम. भरून देऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. आता लहानपणीच्या कूलरच्या ताटीसारखा वास येतो, तोच राहू द्या.