दुखऱ्या पायांचा दिवस



आमच्या शेजारची आठवीतली मुलगी सध्या १५०० मीटरच्या शर्यतीची तयारी करते आहे. मंगळवारी ती ४०० मीटरच्या सहा फेऱ्या जोरात पळाली. बुधवारी सकाळी मात्र कठड्याला धरूनच जिना उतरली.

"काका, मांड्या फार दुखतायत. आज सुट्टी घेऊ की पळू?"

मी म्हटलं, "पळ, पण पळाल्यासारखं वाटणार नाही इतकं हळू!"

दुसऱ्या दिवशीचे दुखणे पायांत आम्ल साठल्यामुळे असते, असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. पळताना रक्तात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात खाली येते. दुखते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या अगदी बारीक इजांमुळे, आणि ते दोन-तीन दिवस टिकते. हलक्या हालचालीने रक्त खेळते आणि ताठरपणा कमी होतो. पण त्याने इजा लवकर भरून येत नाहीत. त्यासाठी जेवण, झोप आणि वेळच लागतो. म्हणून या दिवशी जास्त पळून काहीच जास्त मिळत नाही.

तिला सांगितले ते असे : पाच मिनिटे चाल, पंधरा मिनिटे अगदी संथ पळ, पुन्हा पाच मिनिटे चाल. पळताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. मध्येच थांबून दहा सेकंद नाडी मोज आणि सहाने गुण. तिचे ठोके २१ आले, म्हणजे मिनिटाला १२६. या वयात हे ठीक. २५ आले असते, म्हणजे दीडशे, तर लगेच चालायला लागायचे.

सगळे छान चालले होते. तेवढ्यात मैत्रिणी आल्या. "लिंबापर्यंत शर्यत!" झाले, पाच वेळा शर्यत लागली! गुरुवारी पुन्हा जोरातल्या फेऱ्या होत्या. पहिली दीड मिनिटात झाली, चौथीला १२ सेकंद जास्त लागले, आणि पाचवी झालीच नाही. हलका दिवस ना हलका राहिला, ना जोराचा झाला.

पुढच्या बुधवारी ती एकटीच गेली. गुरुवारी सहाही फेऱ्या जवळजवळ सारख्या वेळात झाल्या. एका आठवड्यावरून नियम बांधता येत नाही, पण तिला पटले.

ओळखायचे कसे? संपल्यावर पाय सुरुवातीपेक्षा मोकळे वाटले, तर बरोबर. दहा मिनिटांनी जास्तच जड झाले, तर तिथेच थांबा.

आणि हो, एकाच ठिकाणी किंवा सांध्यात दुखत असेल, सूज असेल, लंगडावे लागत असेल किंवा ताप असेल, तर हलकेसुद्धा पळू नका. सरळ आई-बाबांना सांगा. त्या दिवशी पूर्ण विश्रांतीच घ्यायची!