आभाराची तीन मिनिटे



शाळांच्या वार्षिक स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ आले आहेत. आपल्या वाचकांपैकी अनेकजण शाळांच्या समित्यांवर आहेत, कित्येकांच्या घरी शिक्षिका आहेत. म्हणून आज कार्यक्रमपत्रिकेतील शेवटच्या, आणि सर्वांत दुर्लक्षित, बाबीविषयी लिहितो : आभारप्रदर्शन.

मी ज्या शाळेच्या समितीवर आहे, तेथे गेल्या वर्षी पारितोषिक वितरण संपले तेव्हा सव्वापाच वाजले होते. त्यानंतरचे आभारप्रदर्शन सतरा मिनिटे चालले. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या भगिनी घड्याळाकडे पाहत एकेक करून उठल्या, त्यांच्यामागे मुले निघाली, आणि राष्ट्रगीताच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एवढे होऊनही त्या लांबलचक यादीत एक नाव राहिलेच. दुपारपासून पडदा ओढणारे आणि दिव्यांच्या बटणांपाशी बसलेले शाळेचे सेवक. त्यांची मुलगी त्याच शाळेत सातवीत होती. दुसऱ्या दिवशी तिने वर्गशिक्षिकेला विचारले, "बाई, बाबांचं नाव राहिलं का?"

यंदा आभाराचे काम त्याच शिक्षिकेकडे आले. त्या मसुदा घेऊन माझ्याकडे आल्या. चार पाने, बावन्न नावे. मी घड्याळ लावून त्यांना मोठ्याने वाचायला सांगितले. अकरा मिनिटे लागली. 'आदरणीय', 'सन्माननीय' आणि हुद्दा यांसह एक नाव उच्चारण्यास सुमारे पाच सेकंद लागतात. म्हणजे बावन्न नावांना चार मिनिटांहून अधिक वेळ, आणि आभार कशाबद्दल हे अजून सांगायचेच आहे. आम्ही तीन मिनिटांची मर्यादा ठरवली. व्यासपीठावरून शांतपणे बोलल्यास मिनिटाला शंभरएक शब्द होतात. टाळ्यांना वाव ठेवून अडीचशे शब्दांचा मसुदा पुरेसा होता.

प्रथम विशेषणे काढली. पाहुण्यांचा परिचय प्रास्ताविकात झालेला असतो, शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झालेला असतो. आभारात पुन्हा परिचय करून देणे म्हणजे एकाच रकमेची दोनदा नोंद करणे होय.

त्यानंतर एक नियम केला : एका गटातील नावे घ्यायची तर सर्वांची, नाहीतर कोणाचेच नाही. चौदा देणगीदारांपैकी पाचांची नावे उच्चारली, तर उरलेल्या नऊजणांना न उच्चारलेले आपले नावच ऐकू येते. "पण शेठजी नाराज होतील," असे बाई म्हणाल्या. मी म्हटले, देणगीदारांची नावे पत्रिकेत आहेत, प्रवेशद्वारावरील फलकावर आहेत. व्यासपीठावरून सर्वांचा एकत्रित उल्लेख करा, आणि देणगीतून काय घडले ते सांगा. यादी तपासताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. ती पावतीपुस्तकावरून उतरवली होती, आणि त्यात एका गुप्तदान देणाऱ्या बंधूंचेही नाव आले होते. ते ध्वनिक्षेपकावरून उच्चारले गेले असते, तर आभाराऐवजी वचनभंग झाला असता. देणगीदारांची यादी कोषाध्यक्षांकडून तपासून घ्यावी, ती यासाठी.

मग आम्ही उलट दिशेने शोध घेतला. ज्यांचे नाव पत्रिकेत नाही, फलकावर नाही, सत्कारातही नाही, पण ज्यांच्यावाचून कार्यक्रम अडला असता, असे कोण? तिघेजण निघाले. त्यांची नावे पूर्ण घ्यायची आणि प्रत्येकाचे काम सांगायचे, असे ठरले.

शेवटी कागदावर दोन ओळींची जागा कोरी ठेवली. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातील एखादे वाक्य तेथे आयत्या वेळी लिहायचे. ही जागा घरी भरता येत नाही, आणि म्हणूनच ती पाहुण्यांपर्यंत पोहोचते. त्याच वेळी कोण आले, कोणाऐवजी कोण आले, हेही पाहून घ्यायचे. न आलेल्या पाहुण्यांच्या 'उपस्थितीबद्दल' आभार मानल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

बाईंनी प्रत्यक्ष जे वाचले ते असे. व्यक्तींच्या नावांच्या जागी येथे पदे ठेवली आहेत.

"व्यासपीठावरील मान्यवर, पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांनी आपला बहुमोल वेळ आम्हांला दिला, याबद्दल शाळेच्या वतीने मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानते. प्रमुख पाहुणे स्वतः आठवीत एकदा नापास झाले होते, हे त्यांनी आज मोकळेपणाने सांगितले. आमच्या काही मुलांना आज मिळालेले हे सर्वांत मोठे पारितोषिक आहे.

आमच्या देणगीदारांमुळे यंदा वाचनालयात नवी कपाटे आली आणि आजचा मंडप उभा राहिला. पत्रिकेत नाव असलेल्या सर्वांचे, आणि नाव सांगू नये अशी ज्यांची इच्छा आहे त्यांचेही, मी आभार मानते.

मुख्याध्यापक आणि सहकारी शिक्षकांनी महिनाभर शाळा सुटल्यावर थांबून मुलांचा सराव करून घेतला. पालकांनी वेशभूषा शिवल्या, डबे पाठवले आणि मुलांना उशीर झाला तरी कुरकुर केली नाही. त्या सर्वांची मी ऋणी आहे.

तीन व्यक्ती आपल्याला आज दिसल्या नाहीत. आमचे सेवक दुपारी बारापासून पडद्यामागे उभे आहेत. प्रत्येक नाटिकेचा पडदा त्यांच्या हातून उघडला. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्याने एक रुपयाही घेतला नाही. आणि आमच्या मावशींनी सकाळी सहाला येऊन हे सारे मैदान झाडले. त्यांच्यासाठी आपण टाळ्या वाजवाव्यात, अशी विनंती करते.

विद्यार्थी मित्रहो, आजचा दिवस तुमचा होता. तुम्ही तो सुंदर केलात. आता आपण राष्ट्रगीतासाठी उभे राहू या."

शेवटचे वाक्य मुद्दाम पाहावे. 'मी माझे दोन शब्द संपवते' असे म्हटले की श्रोते उठून चालू लागतात. थेट राष्ट्रगीताचे आवाहन केले की ते जागच्या जागी उभे राहतात. 'कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व' हे वाक्यही आम्ही गाळले. यादी नीट न तपासण्याला ते वाक्य निमित्त ठरते. तरीही नाव राहिलेच, तर दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीकडे जाऊन बोलावे.

आपल्याकडे करणे, करविणे आणि अनुमोदणे असे तीन प्रकार सांगितले आहेत. पुण्यकार्य करणाऱ्याची मनापासून केलेली अनुमोदना हीदेखील त्या कार्यातील सहभागच असते. आभारप्रदर्शन ही सभेने एकत्र केलेली अनुमोदना आहे. मात्र त्यासाठी सभा जागेवर असावी लागते, आणि कोणते कार्य अनुमोदायचे ते तिला कळावे लागते.

त्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी राष्ट्रगीत झाले, तेव्हा मंडप भरलेला होता. टाळ्या वाजू लागल्या तसे सेवक पडद्याआडून अर्धे बाहेर आले आणि हात जोडून पुन्हा आत गेले. त्यांची मुलगी आता आठवीत आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या थांबल्यावरही ती काही क्षण एकटीच वाजवत राहिली.